पहिल्या काही फोनमध्येच खटकतंय, तर नेमकं काय बघायचं?

प्रश्न: वय २७, नोकरी पुण्यात, घर नाशिकला. वधूवर मंडळातून स्थळ आलं, पाहण्याचा कार्यक्रम होऊन १८ दिवस झाले. मुलगा शिकलेला आहे, रोज फोन करतो. पण दर वेळी माझं काहीतरी सुधारायला सांगतो, कधी कपडे, कधी बोलणं, कधी वजन. ऑफिसातून निघाले की लाइव्ह लोकेशन पाठव म्हणतो. येत्या रविवारपर्यंत होकार कळवा म्हणतोय. आई म्हणते, काळजी वाटते म्हणून विचारतो. मला मात्र फोन वाजला की पोटात गोळा येतो. मी उगाच जास्त विचार करतेय का?

उत्तर:

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते. मी १९ वर्षं विवाह समुपदेशन करते. सुरुवातीची बरीच वर्षं माझ्याकडे फक्त लग्न होऊन दोन-चार वर्षं झालेली जोडपी यायची. त्यांच्याशी बोलताना मी एक प्रश्न हमखास विचारायचे: "साखरपुड्याच्या आधी काही खटकलं होतं का?" ज्यांना खटकलं होतं त्यांना ते अगदी वारासकट आठवायचं. तेव्हा ते कोणाला सांगितलं होतं का, असं विचारलं की बहुतेक जणी म्हणायच्या, "सांगितलं होतं हो, पण सांगताना ते इतकं बारीक वाटलं, की माझीच मला लाज वाटली." तू आज त्याच जागी उभी आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू तीन गोष्टी सांगितल्यास: सुधारणा, लोकेशन आणि रविवारची मुदत. प्रत्येक गोष्ट सुटी उचलली तर तिला एक सरळ स्पष्टीकरण आहे, आणि आईने ते दिलंही आहे. असं एकेक प्रसंग सुटा तपासत बसलं, की दर वेळी समोरच्याला संशयाचा फायदा मिळतो आणि पोटातला गोळा तसाच राहतो. मी तुझा प्रश्न दोनदा वाचला तो एक गोष्ट शोधायला. या १८ दिवसांत तू त्याला कधी 'नाही' म्हणालीस का? तुझ्या लिहिण्यात तसा एकही प्रसंग नाही. आणि माझ्या अनुभवात पहिल्या चार-पाच बोलण्यांत बघण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं: तुझ्या 'नाही'चं पुढे काय होतं. तो काय मागतो, हे त्यानंतर.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करते. मी एकच बाजू ऐकली आहे. ठरवून होणाऱ्या लग्नात दोन्ही घरं बोलण्यात असतात, त्यामुळे मुलाच्या तोंडून येणारं प्रत्येक वाक्य त्याचं स्वतःचं असेलच असं नाही. काही मुलं अनोळखी मुलीशी बोलताना इतकी बिचकतात, की चेष्टा करायला जातात आणि ती टोमण्यासारखी लागते. उलट काही माणसं पहिले सहा महिने इतकं गोड बोलतात, की तेव्हा कोणालाच काही दिसलं नसतं. म्हणून तो माणूस कसा आहे याचा निकाल मी इथून देणार नाही. काय बघायचं आणि कसं, तेवढं सांगते.

मुदतीपासून सुरुवात करते, कारण ती रविवारी येऊन ठेपली आहे. लग्नाच्या बोलणीत घाई असते, आणि तिला खरी कारणंही असतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, चांगले हॉल कितीतरी आधी जातात, कोणाची परदेशातून येणारी सुट्टी ठरलेली असते, घरात आजी आजारी असते. खऱ्या घाईची खूण अशी, की तिचं कारण विचारलं तर सांगता येतं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तरी तेच राहतं. "हॉलवाल्याने १२ तारखेपर्यंत धरून ठेवलंय" हे कारण मध्यस्थाला फोन करून तपासताही येतं. शिवाय कारण दूर झालं की घाईही दूर होते. हॉल दुसरा मिळाला तर १२ तारीख राहत नाही.

दबाव असतो तिथे उलटं घडतं. तारीख जागची हलत नाही, कारणं बदलत राहतात. सोमवारी हॉल असतो, बुधवारी "आणखी दोन स्थळं वाट बघतायत" असतं, शुक्रवारी "तुझ्या मनात दुसरं कोणी आहे का?" असतं. शेवटचं वाक्य आलं की नीट थांबून ऐक. तू वेळ मागितलास, आणि त्याचं उत्तर तुझ्या चारित्र्यावर गेलं. आता तुला वेळ मागायची मुभा राहिली नाही, कारण वेळ मागणं म्हणजे काहीतरी लपवणं असं ठरून गेलं. तू त्याला अजून इतकंच विचार: "रविवारच का?" आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा सहज विचार. दोन्ही उत्तरं लिहून ठेव.

आता सुधारणा. आवडनिवड सांगणं आणि माणूस दुरुस्त करायला घेणं, यातला फरक कुठे असतो ते सांगते. "मला घरात मांसाहार चालत नाही" ही माहिती आहे. ती ऐकून तू ठरवू शकतेस, जमेल की नाही. "तू जरा बारीक झालीस तर फोटोत छान दिसशील" ही माहिती नव्हे. यात तुला ठरवण्यासारखं काही ठेवलेलं नाही, तुला फक्त कमी पडायचं आहे. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं जोडप्यांची बोलणी रेकॉर्ड करून अभ्यासली. त्यांनी तक्रार आणि टीका यात केलेला भेद मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. तक्रार एका कृतीबद्दल असते: "काल तू फोन करते म्हणालीस आणि केला नाहीस." टीका माणसाबद्दल असते: "तुला शब्द पाळायची सवयच नाही." गॉटमन यांनी टीकेच्याही पलीकडची, जास्त घातक म्हणून तुच्छता सांगितली आहे: खिल्ली उडवणं, नक्कल करणं, 'एवढंही कळत नाही का' असा सूर लावणं.

पहिल्या ओळखीत टीका येणं मला का महत्त्वाचं वाटतं, त्याचंही कारण आहे. त्याच्याकडे अजून तक्रारीला जागाच नाही. तुम्ही एकत्र राहिलेला नाहीत, पैसे एकत्र खर्च केलेले नाहीत, एकमेकांच्या सवयींचा त्रास झालेला नाही. दहा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याची चिडचीड कुठून आली ते शोधता येतं. १८ दिवसांच्या ओळखीत तुझे कपडे, तुझं बोलणं आणि तुझं वजन या तिन्हींबद्दल मत सांगावंसं वाटत असेल, तर त्याचा उगम तुझ्या वागण्यात सापडणार नाही.

आणखी एक बघ. टीकेनंतर लगेच कौतुक येतं का? "तुझं मराठी फारच गावठी आहे गं," आणि दहा मिनिटांनी "पण मन किती साफ आहे तुझं." हे जोडीने येत राहिलं की मुलगी त्या दुसऱ्या वाक्याची वाट बघायला लागते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणींनी मला सांगितलं आहे, की तो खुशीत असला की त्यांना परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. हे मनात सुरू झालं की समोरचा माणूस आवडतो की नाही, हा प्रश्नच मागे पडतो. त्याला मी आवडते की नाही, एवढाच उरतो.

लोकेशनचं बोलू. पुण्यात रात्री उशिरा रिक्षाने येणाऱ्या मुलीने घरच्यांना लोकेशन पाठवणं यात काही गैर नाही. तू आईला पाठवत असशीलच. इथे बघायचं ते हे, की विचारणं आहे की वसुली. "उशीर झाला तर पाठवत जा, वाटलं तर" हे विचारणं झालं. नाही पाठवलं तर "का नाही पाठवलंस?" आणि पाठवलं तर "सिग्नलला नऊ मिनिटं काय करत होतीस?", ही वसुली. मागणी वाढत जाते का, हेही बघ. आधी घरी पोचल्याचा मेसेज, मग लोकेशन, मग सोबत कोण आहे, मग त्याचा फोटो. पायऱ्या लहान असतात म्हणून एकाही पायरीवर थांबावंसं वाटत नाही.

यावर १९६६ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या लोकांना घरासमोरच्या अंगणात 'गाडी जपून चालवा' असा भलामोठा, कुरूप फलक लावू द्याल का, असं विचारलं. थेट विचारलं तेव्हा शंभरातल्या साधारण १७ जणांनीच हो म्हटलं. दुसऱ्या एका गटाकडे मात्र दोन आठवडे आधी त्याच विषयावरची तीन इंचांची चिठ्ठी खिडकीत लावायची मागणी केली होती. त्या गटात मोठ्या फलकाला तयार झालेले लोक निघाले शंभरात ७६. त्यांच्यावर कोणी ओरडलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. एकदा लहान 'हो' दिलं, की आपण तसेच सहकार्य करणारे आहोत असं माणसाला स्वतःबद्दल वाटायला लागतं, आणि पुढचं 'नाही' त्याच प्रतिमेच्या आड येतं. त्यामुळे 'एवढ्यालाही मी नाही म्हणू शकले नाही' असं स्वतःला लावून घेऊ नकोस. हे शहाण्या माणसांचंही होतं.

म्हणून मी मुलींना, आणि मुलांनाही, एक लहानसं 'नाही' मुद्दाम म्हणून बघायला सांगते. लहान म्हणजे खरंच लहान, ज्यात समोरच्याचं काहीही नुकसान नाही. "रात्री साडेदहानंतर मी फोनवर नसते, उद्या बोलू." किंवा "लोकेशन मी फक्त घरच्यांना पाठवते." इतकंच. कारण जोडायचं नाही, हे महत्त्वाचं. "उद्या लवकर उठायचंय म्हणून" असं म्हटलंस, की त्या कारणावर वाटाघाट सुरू होते: किती वाजता उठतेस, परवा तर सुट्टी आहे ना. कारण नसलेल्या 'नाही'वर वाद घालायला फारसं काही हाताला लागत नाही. त्यावर समोरचा काय करतो ते आपोआप दिसतं.

त्या क्षणाच्या उत्तरावर निकाल लावू नकोस. चांगला माणूसही जरासा हिरमुसतो, "बरं" म्हणून गप्प होतो. तेवढं चालायचंच. खरी परीक्षा पुढच्या चार-पाच दिवसांत असते. ते 'नाही' त्याने धरून ठेवलं का? रात्री साडेदहानंतर फोन येणं थांबलं का, की दोन दिवस थांबून पुन्हा सुरू झालं? तुझ्या नकाराची किंमत दुसरीकडे वसूल झाली का, म्हणजे अबोला, टोमणा, त्याच्या आईचा तुझ्या आईला फोन? आणि तेच मागणं वेगळ्या वाटेने परत आलं का, चेष्टेच्या, काळजीच्या नाहीतर प्रेमाच्या रूपात?

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातारा जिल्ह्यातली, बँकेत नोकरी करणारी २८ वर्षांची मुलगी माझ्याकडे आईसोबत आली होती. मुलगा हिंजवडीत नोकरीला. रविवारी कांदेपोहे झाले, सोमवारी रात्री पहिला फोन झाला तोच दोन तासांचा. तिला छान वाटलं होतं. गुरुवारी तो हसत म्हणाला, "बायोडाटात पाच फूट चार लिहिलंय, तेवढी वाटली नाहीस." शनिवारी ती बँकेतल्या मैत्रिणींबरोबर जेवायला गेली, तर टेबलाचा फोटो मागितला. पुढच्या मंगळवारी तो म्हणाला, लग्नानंतर बदली मागून घे, तेव्हा अर्ज आताच लिहून ठेव, मला दाखव. ती म्हणाली बघते. त्याने रोज विचारलं, लिहिलास का.

आईचं म्हणणं होतं, मुलगा मनावर घेऊन सगळं बघतोय. मी दोघींशी वाद घातला नाही. मुलीला एक वहीचं पान दिलं आणि तीन रकाने आखायला सांगितले: तो काय म्हणाला, मला तेव्हा काय हवं होतं, मी काय केलं. मोबाइलमधले मेसेज उघडून, तारखा बघून लिहायचं, आठवणीतून नाही. ११ दिवसांत नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या सात ठिकाणी दुसरा आणि तिसरा रकाना जुळत नव्हता. तिला फोटो पाठवायचा नव्हता आणि तिने पाठवला होता. तिला झोपायचं होतं आणि ती बोलत बसली होती. आईने ते पान बराच वेळ हातात धरलं, मग लेकीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं तर तू म्हणशील, नखरे करते."

मग तिने तिचं लहान 'नाही' म्हटलं: अर्ज लग्न ठरल्यावर बघू. तो "ठीक आहे, तुझी मर्जी" म्हणाला. त्यानंतर २६ तास एकही मेसेज नाही. ती कासावीस झाली, तीनदा माफी मागायला फोन हातात घेतला, मला कळवलं, आणि मी तिला फक्त वेळ नोंदवायला सांगितली. मग एका संध्याकाळी १४ मेसेज आले. सुरुवात "माझी किंमतच नाही"पासून, मध्ये "माझ्या आईला तू आधीच आवडली नव्हतीस", शेवटी "सॉरी, प्रेम आहे म्हणून चिडतो". दुसऱ्या दिवशी बँकेत फुलं आली, सगळ्यांसमोर. तिसऱ्या दिवशी फोनवर पहिलाच प्रश्न होता, अर्ज लिहिलास का.

मला त्या आठवड्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. माफी आली, फुलं आली, आणि मागणी तसूभरही हलली नाही. खरी माफी असेल तर ज्या गोष्टीवरून भांडण झालं ती गोष्ट थोडी तरी सरकते. इथे मध्ये सगळं वादळ होऊन गेलं आणि अर्ज जिथे होता तिथेच होता. मुलीने स्थळाला नकार दिला.

त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका मुलीचंही सांगते, म्हणजे तराजू एकाच बाजूला झुकणार नाही. तिचीही तक्रार हीच, की मुलगा रोज रात्री ११ नंतरच फोन करतो आणि तासभर सोडत नाही. तिने सांगितलं, साडेदहानंतर मला जमत नाही. तो म्हणाला, माझी शिफ्ट दहाला संपते, मला वाटलं तुलाही तीच वेळ सोयीची आहे. मग त्यांनी शनिवारची सकाळ ठरवली, आणि पुढचे दोन महिने एकदाही रात्री फोन आला नाही. बाहेरून बघता दोघांचं वागणं सारखंच होतं. एका 'नाही'ने ते वेगळं झालं.

चौकशीला हद्द ओलांडणं समजू नकोस, हेही सांगायला हवं. ठरवून लग्न करताना पगाराची स्लिप, पदवी, कर्ज, आधीचं लग्न, आजारपण, रक्तगट हे विचारलं जातं आणि विचारावंच. फरक इतकाच, की दोन्ही बाजू सारखंच दाखवायला तयार हव्यात आणि ते घरच्यांच्या माहितीत व्हायला हवं. तुझी स्लिप मागणारा स्वतःची द्यायला टाळत असेल, किंवा "हे आपल्यातच राहू दे, आईला सांगू नकोस" म्हणत असेल, तर तिथे थांब. मुलंही माझ्याकडे हीच गोष्ट घेऊन येतात. एका मुलाला समोरची मुलगी दिवसातून चार वेळा व्हिडिओ कॉल करून खोली फिरवून दाखवायला सांगायची, आणि त्यालाही घरी सांगायची लाज वाटत होती. नियम तोच.

तुझ्या पोटातल्या गोळ्याबद्दल. नुसती भीती पुरावा होत नाही, नव्या माणसाशी बोलताना धडधड होतेच. म्हणून भीतीकडे बघण्याऐवजी तुझं वागणं काय बदललं ते बघ. फोन यायच्या आधी तू कपडे बदलतेस का? उत्तरं मनात जुळवून ठेवतेस का? मैत्रिणीबरोबर असताना "घरी आहे" असं सांगितलंस का? त्याचे काही मेसेज आईला दाखवताना वगळलेस का? संकोच आणि धडधड चार-पाच फोननंतर ओसरते. हे वागणं मात्र दर फोनला वाढत जातं. यातल्या दोन गोष्टी जरी होत असतील, तर माझ्या मते तू जास्त विचार करत नाहीयेस.

आता रविवारपर्यंत काय करायचं. आज रात्री ते तीन रकाने भर, १८ दिवसांचे. उद्या लोकेशनबद्दलचं तुझं 'नाही' सांग, आणि त्याच बोलण्यात होकारासाठी आणखी तीन आठवडे हवेत असंही सांग. ते आई-वडिलांनी मध्यस्थामार्फतही कळवावं, म्हणजे ते तुझ्या एकटीच्या अंगावर येणार नाही. तीन आठवडे मागितले म्हणून मोडणारं स्थळ असेल, तर ते आताच मोडलेलं बरं. आईशी बोलताना "तो मला आवडत नाही" इथून सुरुवात करू नकोस, तिथे ती तुझी समजूत घालायला लागेल. पान तिच्या पुढ्यात ठेव आणि तिला विचार, बाबा लग्नाआधी तुझ्याशी असं बोलले असते तर आजोबांनी काय केलं असतं. आयांना काळजी आणि पहारा यातला फरक चांगला कळतो. त्यांना तो तपशिलात दिसावा लागतो, एवढंच.

'नाही' म्हणायचीच भीती वाटत असेल, त्याने काही धमकी दिली असेल, किंवा तुझे खासगी फोटो त्याच्याकडे असतील, तर मात्र हा लहान 'नाही'चा प्रयोग एकटीने करू नकोस. आधी घरातलं एक माणूस सोबत घे. फोटोंवरून धमकी आली तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करता येते. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि तातडीच्या वेळी ११२.

नकार द्यायचा ठरलाच, तर तो दोन ओळींत, लेखी दे: "आमच्याकडून हे स्थळ पुढे न्यायचं नाही. कृपया यापुढे संपर्क करू नये." कारण लिहू नकोस, आणि त्यानंतर उत्तरही देऊ नकोस, अगदी "बरी आहेस ना?" असं आलं तरी. साताऱ्याच्या त्या मुलीला नकारानंतर तीन वेगवेगळ्या नंबरांवरून मेसेज आले. पहिल्या दोनदा तिने ब्लॉक केलं आणि स्क्रीनशॉट ठेवले. तिसऱ्यांदा तिच्या मामांनी मध्यस्थाला सांगितलं, की स्पष्ट नकारानंतर मुलीशी पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे गुन्हा आहे आणि स्क्रीनशॉट आमच्याकडे आहेत. त्यानंतर मेसेज थांबले. ती दोन ओळींची लेखी चिठ्ठी तेव्हा कामी आली, म्हणून चॅट कितीही नकोसं वाटलं तरी आत्ता काही पुसून टाकू नकोस.